घराचा ताळेबंद : ३१ मार्च ते ३१ मार्च

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. त्या वेळी पडद्यावर दाखवलेले दोन्ही तक्ते सोबत छापले आहेत.)



समितीच्या मंडळींनी मला सांगितलं, "काका, तुम्ही बँकेत होतात, पैशांवर काहीतरी बोला." निवृत्त बँकवाला बोलायला उभा राहिला की लोकांना वाटतं, हा आता पैसे कुठे गुंतवायचे ते सांगणार. ते मी सांगणार नाही. असलेले पैसे मोजायचे कसे आणि वर्षभरात ते का वाढले किंवा का घटले हे ओळखायचं कसं, एवढंच सांगणार आहे.

दर वर्षी सप्टेंबरच्या आत आपली वार्षिक सर्वसाधारण सभा होते. त्याआधी सोसायटीचा छापील ताळेबंद घरोघरी येतो. त्यात एका बाजूला भांडवल आणि देणी, दुसऱ्या बाजूला मालमत्ता आणि येणी, आणि प्रत्येक आकड्याशेजारी मागच्या वर्षाचा आकडा. सभेत भांडण कशावरून होतं आठवा. एकूण बेरीज किती, यावरून कधीच होत नाही. "मागच्या वर्षी मुदत ठेव एवढी होती, यंदा कमी का?" यावरून होतं. म्हणजे दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून फरकाचं कारण विचारायचं, ही कला आपल्या सगळ्यांना येते. फक्त ती आपण सोसायटीच्या पैशाला लावतो, घरच्या पैशाला लावत नाही.

घरच्या पैशाची अडचण अशी, की तो एका जागी नसतो. पगाराचं खातं एका बँकेत, गृहकर्ज दुसऱ्या बँकेत, जुनं बचत खातं गावाकडच्या शाखेत. त्याशिवाय पीपीएफ, भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड, कपाटातलं सोनं. प्रत्येक ठिकाणचा कागद आपापल्या तारखेचा. म्हणून पहिला नियम तारखेचा. सगळ्यांची शिल्लक एकाच दिवसाची घ्यायची. ३१ मार्च हा दिवस सोयीचा, कारण बँका, पीपीएफ, कर्जखाती, आयकर, सगळ्यांचं वर्ष त्या दिवशी संपतं आणि त्या तारखेचे दाखले मिळतात. ते हाती यायला एप्रिल-मे उजाडतो. उजाडू द्या. आकडा मात्र ३१ मार्चचाच हवा. बचत खातं १० एप्रिलचं आणि क्रेडिट कार्ड २० मार्चचं घेतलंत, तर एकच रक्कम दोनदा मोजली जाईल किंवा एकदाही नाही.

दुसरं, आपली खाती नेमकी किती आहेत? आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनवर वार्षिक माहिती विवरण मिळतं, ज्याला एआयएस म्हणतात. कोणत्या बँकेने किती व्याज दिलं हे त्यात येतं. विसरलेलं खातं बऱ्याचदा तिथे सापडतं. त्याहूनही जुनं, दहा वर्षं व्यवहारच नसलेलं खातं असेल, तर बँक त्याची शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीकडे वर्ग करते. ती बुडत नाही, बँकेकडे मागता येते. अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे.

खाती मिळाली की यादी करायची. यादीत काय घ्यायचं नाही, हेही ठरवावं लागतं. आईच्या मुदत ठेवीवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणून तुमचं नाव दुसरं आहे, म्हणून ती ठेव तुमची होत नाही. ते नाव सोयीसाठी घातलेलं असतं. नवरा-बायकोचं संयुक्त खातं दोघांनी आपापल्या यादीत धरलं तर घराच्या बेरजेत ते दुप्पट होतं. सोसायटीचा सिंकिंग फंड सोसायटीचा, तो आपल्या यादीत नाही. निव्वळ मुदतीच्या विम्याची किंमत शून्य. बचतीची पॉलिसी असेल तर आज मोडली तर काय मिळेल ती रक्कम, म्हणजे समर्पण मूल्य, लिहायचं. विमा रक्कम लिहायची नाही.

आता एक उदाहरण घेऊ. कुटुंब कल्पित आहे, पण अशी कुटुंबं आपल्या तिन्ही विंगमध्ये आहेत. नवरा खासगी कंपनीत, बायको नोकरीला, दोघं पंचेचाळिशीच्या आसपास. घरावर कर्ज आहे. आकडे सोयीसाठी जवळच्या हजारापर्यंत घेतले आहेत.

तक्ता पहिला : ३१ मार्चची स्थिती (रुपये)

| तपशील | मागील वर्ष | यंदा | फरक |
|---|---|---|---|
| बचत खाती (तीन) | २,१०,००० | ३,३१,००० | + १,२१,००० |
| मुदत ठेवी | ६,००,००० | ४,२८,००० | − १,७२,००० |
| पीपीएफ | ९,००,००० | ११,२५,००० | + २,२५,००० |
| भविष्य निर्वाह निधी | १४,००,००० | १६,८७,००० | + २,८७,००० |
| म्युच्युअल फंड | ८,५०,००० | १०,१५,००० | + १,६५,००० |
| सोने | ६,००,००० | ७,२०,००० | + १,२०,००० |
| राहते घर (करारनाम्यातील किंमत) | ५२,००,००० | ५२,००,००० | ० |
| एकूण मालमत्ता | ९७,६०,००० | १,०५,०६,००० | + ७,४६,००० |
| गृहकर्ज | २८,००,००० | २६,११,००० | − १,८९,००० |
| दुचाकीचे कर्ज | ० | ६०,००० | + ६०,००० |
| क्रेडिट कार्ड | ४०,००० | ६५,००० | + २५,००० |
| एकूण देणी | २८,४०,००० | २७,३६,००० | − १,०४,००० |
| निव्वळ संपत्ती | ६९,२०,००० | ७७,७०,००० | + ८,५०,००० |

यातले काही आकडे कसे आले ते सांगतो, कारण गडबड होते ती इथेच.

मुदत ठेवीच्या पावतीवर दोन रकमा छापलेल्या असतात, ठेवलेली आणि मुदतीअंती मिळणारी. ३१ मार्चला या दोन्ही बरोबर नाहीत. ठेवलेली रक्कम अधिक त्या दिवसापर्यंत चढलेलं व्याज, ही खरी किंमत. बँकेच्या व्याजाच्या दाखल्यात ती मिळते.

पीपीएफचं सोपं आहे. ३१ मार्चला व्याज जमा होतं, पासबुक भरून आणलं की झालं. भविष्य निर्वाह निधीचं मात्र तसं नाही. त्या वर्षीचा व्याजदर जाहीर व्हायला आणि पासबुकात नोंद पडायला पुढचे काही महिने जातात. या गृहस्थांच्या पासबुकात एप्रिलमध्ये १५,६५,००० दिसत होते. व्याजाचे १,२२,००० नंतर आले. ते व्याज त्याच वर्षाचं आहे, म्हणून त्याच वर्षात धरायचं. न धरता सोडलं, तर यंदा निधीवर शून्य टक्के व्याज दिसेल आणि पुढच्या वर्षी दोन वर्षांचं एकदम.

म्युच्युअल फंडाचे आठ-दहा फोलिओ असतील तर एकेक कागद जमवत बसू नका. पॅनवर एकत्रित खातेउतारा मिळतो, सगळे फंड एका जागी. युनिटची संख्या गुणिले त्या दिवसाचा एनएव्ही, एवढाच हिशेब. ३१ मार्चला सुट्टी असेल तर आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा एनएव्ही घ्यायचा. सोन्याचं वजन घ्यायचं आणि आपल्या कॅरेटच्या भावाने गुणायचं. घडणावळ धरायची नाही आणि खडेही धरायचे नाहीत, कारण मोडीला गेलं तर त्याचे पैसे मिळत नाहीत.

देण्यांमध्ये लोक क्रेडिट कार्डाच्या बिलाची रक्कम लिहितात. बिल निघाल्यानंतर ३१ मार्चपर्यंत केलेली खरेदीही देणंच आहे, तीही धरावी लागते. दिलेला पण अजून न वटलेला चेक बचत खात्यातून वजा करायचा. गृहकर्जाला बँकेचा वार्षिक दाखला घ्यायचा. या कुटुंबाचा हप्ता महिना ३५,०००, वर्षाचे ४,२०,००० भरले. व्याजदर साडेआठ टक्के. कर्ज कमी झालं फक्त १,८९,००० ने. उरलेले २,३१,००० व्याजात गेले, म्हणजे तो खर्च झाला.

भाषणाआधी ही तालीम मी काही शेजाऱ्यांसमोर केली, तेव्हा बी विंगमधल्या एका वहिनींनी विचारलं, "काका, घराची किंमत दोन्ही वर्षी ५२ लाखच कशी? आता तर भाव कुठच्या कुठे गेलेत." प्रश्न रास्त आहे. पण राहत्या घराचा भाव आपल्याला कोण सांगतो? शेजारचा एजंट, किंवा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट विकला गेल्याची कुजबुज. तो भाव एका वर्षात दहा लाखांनी वर करता येतो, आणि मग बाकीच्या सगळ्या तक्त्यात काय चाललंय ते त्याच्याखाली दडपून जातं. म्हणून माझी शिफारस अशी : राहतं घर करारनाम्याच्या किमतीला गोठवायचं. बाजारभावाने लिहायचंच असेल तर खाली वेगळी ओळ करा. कोणताही नियम धरा, पण दोन्ही वर्षांना तोच असू द्या. नियम बदललात तर मागच्या वर्षाचा रकानाही त्याच नियमाने पुन्हा मांडा. नाहीतर फरक निघेल तो संपत्तीतला नसेल, मोजण्यातला असेल.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. या कुटुंबाची निव्वळ संपत्ती वर्षात ८,५०,००० ने वाढली. बहुतेक लोक इथे थांबतात आणि समाधानाने फाईल बंद करतात. खरं काम इथून पुढे आहे. हे साडेआठ लाख आले कुठून?

संपत्ती वाढते ती तीनच कारणांनी. एक, ठेवींवर व्याज मिळतं. दोन, बाजारात भाव चढतो किंवा उतरतो. तीन, आपण कमावलेल्यातून वाचवतो. पहिल्या दोन गोष्टी मागच्या वर्षांच्या कष्टांवर किंवा बाजाराच्या मर्जीवर होतात. यंदा आपण काय केलं ते फक्त तिसऱ्यात दिसतं.

वेगळं करायची रीत प्रत्येक खात्याला एकच आहे. शेवटच्या शिलकेतून सुरुवातीची शिल्लक वजा करा, वर्षभरात आपण भरलेले पैसे वजा करा, काढले असतील ते मिळवा. उरेल ते व्याज किंवा भाव. म्युच्युअल फंड घ्या. ८,५०,००० चे १०,१५,००० झाले. वाढ १,६५,०००. त्यात महिना दहा हजारांच्या एसआयपीचे १,२०,००० आहेत. म्हणजे बाजाराने दिले फक्त ४५,०००. पीपीएफमध्ये वाढ २,२५,०००, त्यातले १,५०,००० भरलेले, व्याज ७५,०००. हे पैसे ५ एप्रिलच्या आत भरले होते, म्हणून त्यांवर पूर्ण वर्षाचं व्याज मिळालं. साडेदहा लाखांवर ७.१ टक्के म्हणजे साधारण ७५,०००, तेव्हा हा आकडा बरोबर आहे. असा पडताळा प्रत्येक व्याजाला करून बघा. टक्केवारी विचित्र आली तर समजा की एखादी भरणा किंवा उचल नोंदवायची राहिली आहे.

भविष्य निर्वाह निधीत पगारातून कापलेले ९०,००० आणि कंपनीचे ७५,००० असे १,६५,००० भरले गेले. व्याज १,२२,०००. मुदत ठेवींवर वर्षाचं व्याज ४२,०००. सोनं नवीन घेतलं नाही, तेव्हा १,२०,००० ही सगळी भाववाढ. बचत खात्यांचं किरकोळ व्याज वेगळं काढलेलं नाही, ते पगाराबरोबरच धरलं आहे.

तक्ता दुसरा : वाढीची फोड (रुपये)

| कारण | रक्कम |
|---|---|
| व्याज (ठेवी ४२,०००, पीपीएफ ७५,०००, निर्वाह निधी १,२२,०००) | २,३९,००० |
| भावातील बदल (म्युच्युअल फंड ४५,०००, सोने १,२०,०००) | १,६५,००० |
| यंदाची बचत (उरलेली रक्कम) | ४,४६,००० |
| एकूण वाढ | ८,५०,००० |

म्हणजे साडेआठ लाखांतले चार लाखांहून जास्त या जोडप्याच्या यंदाच्या कमाईतून आलेलेच नाहीत. सोन्याचे १,२०,००० तर पुढच्या वर्षी परतही जाऊ शकतात. उरली बचत, ४,४६,०००. हा आकडा 'उरलेला' म्हणून काढला आहे, तेव्हा तो दुसऱ्या वाटेनेही येतो का ते बघायलाच हवं. बँकेत आम्ही याला ताळमेळ म्हणायचो. दोन वाटांनी एकच आकडा आला तर सही करायची.

दुसरी वाट अशी. पीपीएफमध्ये १,५०,००० भरले, निर्वाह निधीत १,६५,०००, एसआयपीत १,२०,०००, गृहकर्जाच्या मुद्दलात १,८९,०००. बेरीज ६,२४,०००. या जोडप्याला विचारलं असतं की वर्षाला किती वाचवता, तर हाच आकडा त्यांनी छातीठोकपणे सांगितला असता. सगळं ठरल्या तारखेला, आपोआप खात्यातून जातं, हप्ता एकही चुकलेला नाही.

पण आपला आकडा ४,४६,००० आहे. मधले १,७८,००० गेले कुठे?

बचत खात्यांकडे बघा. २,१०,००० चे ३,३१,००० झाले, १,२१,००० ची वाढ दिसते. पण ३० मार्चला एक मुदत ठेव पिकली आणि तिचे २,१४,००० व्याजासह याच खात्यात जमा झाले. ते पैसे नवीन नाहीत, एका खिशातून दुसऱ्या खिशात आले आहेत. ते वगळले तर बचत खात्यांत वर्षभरात ९३,००० ची घट आहे. शिवाय दुचाकीचं कर्ज ६०,००० शिल्लक आहे आणि कार्डावरचं देणं २५,००० ने वाढलं आहे. त्र्याण्णव, साठ आणि पंचवीस, बरोबर १,७८,०००. ६,२४,००० वजा १,७८,०००, आले ४,४६,०००. ताळमेळ जमला.

म्हणजे झालं काय, तर उजव्या हाताने सव्वासहा लाख बाजूला ठेवले आणि डाव्या हाताने पावणेदोन लाख परत उचलले. एकाही खात्याच्या उताऱ्यात हे दिसत नाही. प्रत्येक उतारा आपापल्या जागी छान आहे. सगळे एकत्र मांडले, तेव्हाच दिसलं.

यातून घरखर्चही उलटा काढता येतो. रोजचा खर्च लिहिणारी माणसं फार थोडी. इथे लिहायची गरज नाही. दोघांच्या हातात आलेला पगार, कर आणि कपात जाऊन, समजा १४,००,०००. त्यात निर्वाह निधीचे १,६५,००० मिळवा, कारण ती कमाई आहे पण हातात आलेली नाही. झाले १५,६५,०००. त्यातून बचतीचे ४,४६,००० वजा केले, उरला खर्च ११,१९,०००. त्यातले २,३१,००० गृहकर्जाचं व्याज. राहिले ८,८८,०००, महिन्याला ७४,०००. दुचाकीची किंमत १,१०,००० बाजूला काढली तरी महिना साधारण ६५,०००. आणि या घराचा अंदाज होता पंचावन्न-छप्पन हजारांचा.

आता एक गंमत बघा. समजा ती पिकलेली ठेव त्यांनी दोनदा धरली असती. जुनी पावती फाईलमध्येच आहे, तिचे २,१४,००० मुदत ठेवीत लिहिले, आणि तेच पैसे बचत खात्यातही मोजले गेले. मग संपत्तीतली वाढ १०,६४,००० दिसली असती, बचत ६,६०,००० आणि घरखर्च महिना ५६,०००. म्हणजे चुकीच्या तक्त्याने त्यांच्या मनातलाच आकडा बरोबर ठरवला असता. मनासारखा आकडा आला की माणूस तपासत नाही. म्हणून सांगतो, बचत अपेक्षेपेक्षा चांगली दिसली तर आधी अशी दुहेरी नोंद शोधा.

शोधायची कशी? बचत खात्याच्या उताऱ्यावर पेन्सिल घेऊन बसायचं. पगार सोडून आलेल्या प्रत्येक मोठ्या जमेपुढे ती कुठून आली ते लिहायचं. आपल्याच दुसऱ्या खात्यातून आली असेल तर तिथे तेवढीच घट दिसलीच पाहिजे. अशा अंतर्गत बदल्यांची यादी करा, तिची बेरीज शून्य आली पाहिजे. आली नाही तर कुठेतरी पैसे दोनदा धरलेत किंवा गाळलेत. पिकलेल्या किंवा फिरवलेल्या ठेवीच्या जुन्या पावतीवर त्याच दिवशी आडवी रेघ मारून नव्या नोंदीची तारीख घाला.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? या घरात त्या वेळी एक बेत चालला होता. पगार वाढला आहे, तेव्हा एसआयपी दुप्पट करू, वर्षाला आणखी १,२०,०००. पहिला तक्ता बघून कोणीही म्हणेल, जरूर करा, साडेआठ लाखांची वाढ आहे. दुसरा तक्ता बघून मी म्हणेन, थांबा. जिथे आधीच १,७८,००० शिलकेतून आणि उधारीतून भागवले जातात, तिथे हातात येणारी वाढ त्याहून बरीच जास्त नसेल तर नवीन एसआयपीचे पैसे कार्डावरूनच जाणार. फंडात बारा-चौदा टक्क्यांची आशा, आणि कार्डाची थकबाकी राहिली तर त्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट व्याज. आधी कार्ड पूर्ण भरणं, मग दुचाकी मोकळी करणं, मग एसआयपी, असा क्रम लागतो.

आपल्यासारख्या निवृत्तांसाठी दोन वाक्यं वेगळी. आपल्या तक्त्यात तिसरी ओळ, म्हणजे बचत, बऱ्याचदा उणे येईल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, साठवलं होतं ते याचसाठी. पण ती ओळ व्याजाच्या ओळीशेजारी ठेवून बघा. समजा घर सोडून ६०,००,००० आहेत, त्यांवर ४,२०,००० व्याज आलं, आणि वर्षाअखेर पुन्हा ६०,००,००० च आहेत. वाटतं, मुद्दलाला हात लागला नाही. प्रत्यक्षात सगळं व्याज खर्च झालं आहे, आणि महागाई वाढली तेवढी त्या साठ लाखांची ताकद कमी झाली आहे. आकडा तोच राहिला म्हणून पैसा तेवढाच राहिला असं नसतं. पेन्शन असेल तर ती मालमत्तेत लिहायची नाही, ती दर महिन्याची कमाई आहे.

साधन म्हणाल तर वहीचं एक पान पुरतं. मुलांना सांगितलंत तर संगणकावर करून देतील. प्रत्येक खात्यासाठी सात रकाने पाडा : खात्याचं नाव आणि क्रमांकाचे शेवटचे चार अंक, सुरुवातीची शिल्लक, भरले, काढले, व्याज किंवा भाव, अखेरची शिल्लक, आणि वारस म्हणून नोंदवलेलं नाव. पासवर्ड आणि पिन या पानावर लिहू नका. हे पान घरात दोघांना माहीत असू द्या. उद्या कोणी आजारी पडलं, तर कुठे काय आहे हे शोधायला कपाटं उपसावी लागणार नाहीत.

पहिल्या वर्षी तुम्हाला एकच रकाना मिळेल आणि त्यातून फारसं काही कळणार नाही. फोड करता येते ती दुसऱ्या वर्षी, आणि तिसऱ्या वर्षी घराची चाल कळायला लागते. म्हणून येत्या ३१ मार्चचा रकाना तेवढा भरून ठेवा. त्यानंतरच्या मार्चला कुणाचा ताळमेळ जमला नाही, तर संध्याकाळी पाचनंतर मी खाली बागेतल्या बाकावर असतो. पासबुकं घेऊन या, आणि पेन्सिलही आणा.